गोळी तोंडात टाकण्याआधी चिठ्ठी नीट वाचून घ्या

आज रात्री जेवणं आटोपली की एक काम करा. घरातला औषधांचा डबा खाली उतरवा. त्यात घडी घालून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी सापडेल, ती उलगडा. प्रत्येक औषधाच्या नावापुढे दोन-तीन इंग्रजी अक्षरं खरडलेली दिसतील. ओडी. बीडी. टीडीएस. एचएस. एसओएस. एसी. पीसी. आता घरात जे कुणी रोज या गोळ्या घेतात त्यांना विचारा, "या अक्षरांचा अर्थ काय?"

बहुतेक घरांत उत्तर येईल, "ते डॉक्टरांना ठाऊक. मेडिकलवाल्यानं सांगितलं तसं घेतो." आणि मेडिकलवाल्यानं कसं सांगितलं होतं? संध्याकाळच्या गर्दीत, पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता, एकदाच. घरी पोहोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं. मी औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो, म्हणून हे कळकळीनं सांगतोय. डॉक्टर बरोबर असतात, औषध बरोबर असतं, तुम्ही पदरचे पैसे मोजलेले असतात. आणि दोन अक्षरं चुकीची वाचली म्हणून माणूस आजारी पडतो. हे टाळता येतं. तुमच्या घरात ते तुम्हीच टाळू शकता.

आधी अक्षरं ओळखून घ्या. ती लॅटिन भाषेतून आलेली आहेत, त्यामुळे चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही ती अंदाजानं लागत नाहीत. म्हणून अंदाज करू नका. एवढं कापून डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा:

ओडी: दिवसातून एकदा.
बीडी किंवा बीआयडी: दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतरानं.
टीडीएस किंवा टीआयडी: दिवसातून तीनदा.
क्यूआयडी: दिवसातून चारदा.
एचएस: रात्री झोपताना.
एसी: जेवणाआधी.
पीसी: जेवणानंतर.
एसओएस: त्रास झाला तरच.
स्टॅट: आत्ता लगेच, आणि एकदाच.

अनेक डॉक्टर अक्षरांऐवजी आकडे लिहितात. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पहिली जागा सकाळची, मधली दुपारची, शेवटची रात्रीची. शून्य म्हणजे त्या वेळी काही घ्यायचं नाही. म्हणून ०-०-१ ही गोळी फक्त रात्रीची आणि १-०-० ही फक्त सकाळची. अर्धी गोळी असेल तर एकाखाली दोन लिहिलेले असतात. घाईत लिहिलेला हा अर्धा कधी कधी 'एक, दोन' असा दिसतो. चिठ्ठीत असा आकडा दिसला की थांबा आणि विचारा, "अर्धी की एक?"

ही यादी हातात आली म्हणून निर्धास्त होऊ नका. खरा धोका अक्षरांच्या अर्थापेक्षा त्यांच्या वळणात आहे. ओडीतला ओ नीट मिटला नाही, त्याला मध्येच एक आडवी रेघ लागली, की तो बी दिसतो. मग एक वेळची गोळी दोन वेळा घेतली जाते. एसी आणि पीसी यांत तर एकाच अक्षराचा फरक आहे. लहान लिपीतला ए आणि लहान लिपीतला पी, दोन्ही गोल आणि दोन्हींना दांडी. पेनाची शाई पुसट झाली, कागदावर चहा सांडला, की जेवणाआधीचं औषध जेवणानंतरचं होऊन बसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तर ओडी म्हणजे उजवा डोळासुद्धा असू शकतो. तेच अक्षर, तोच कागद, अर्थ वेगळा.

म्हणून पहिली विनंती ही, की चिठ्ठीचा उलगडा डॉक्टरांच्या खोलीतच करून घ्या. लिहिणारा माणूस समोर बसलेला असताना विचारा. उठण्याआधी चिठ्ठीवर बोट ठेवा आणि प्रत्येक ओळीला म्हणा, "ही गोळी कधी घ्यायची? दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर? किती दिवस?" उत्तर मिळेल ते त्याच ओळीशेजारी मराठीत लिहा. लिहिता येत नसेल तर सोबतच्या माणसाला लिहायला सांगा. आणि मग तुम्ही स्वतः डॉक्टरांना उलट सांगून दाखवा, "म्हणजे ही सकाळी एक, नाश्त्याआधी, महिनाभर. बरोबर?" यात संकोच करू नका. यातून डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरांना हेच हवं असतं.

आता एक चिठ्ठी आपण दोघं मिळून वाचू. समजा, एका आजींची आहे. त्यांना मधुमेह आहे, पायांची आग होते, गुडघे दुखतात. चिठ्ठीवर पाच ओळी आहेत. ग्लिमेपिराइड १, ओडी, एसी, तीस दिवस. मेटफॉर्मिन ५००, बीडी, पीसी, तीस दिवस. प्रीगॅबालिन ७५, एचएस, तीस दिवस. पॅरासिटामॉल ६५०, एसओएस. आणि शेवटी व्हिटॅमिन डी ६०,०००, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे.

पहिली ओळ सगळ्यांत नाजूक. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं आणि रक्तातली साखर खाली आणतं. पोटात अन्न येणार आहे या हिशोबानं ते न्याहारीच्या अगदी आधी किंवा न्याहारीबरोबर द्यायचं असतं. आता ओडी चुकून बीडी वाचलं गेलं, तर आजी रात्रीही एक गोळी घेतील. रात्री अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी खाऊन झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची साखर पहाटे किती खाली जाईल? घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं, झोपेत बरळतायत. शेजारी झोपलेल्या नातीला हे कसं कळावं?

दुसरी ओळ, मेटफॉर्मिन. बीडी, पीसी. सकाळी जेवून एक, रात्री जेवून एक. हे उपाशीपोटी घेतलं तर अनेकांना मळमळतं, पोट बिघडतं, जुलाब होतात. मग आजी म्हणतात, "ही गोळी मला सोसत नाही," आणि परस्पर बंद करतात. साखर वाढत जाते. गोळीची काही चूक नसते. ती जेवणाच्या ज्या बाजूला घ्यायची, ती बाजू बदललेली असते.

तिसरी ओळ, एचएस. नसांच्या आगीवरची ही गोळी झोप आणते, काहींना चक्करही येते. म्हणून ती रात्री, अंथरुणावर पडायच्या वेळी. तीच सकाळच्या गोळ्यांत मिसळली गेली तर आजी दिवसभर गुंगीत राहतील आणि न्हाणीघरात पाय घसरेल. खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. घरातला कमावता माणूस अशी एखादी झोप आणणारी गोळी सकाळी घेऊन मोटारसायकल काढत असेल, तर त्याला आजच थांबवा.

चौथी ओळ, एसओएस. त्रास झाला तरच. गुडघा दुखला तर घ्या, नाही दुखला तर घेऊ नका. पण 'लागली तर' याला कुठेतरी कुंपण हवं. पॅरासिटामॉल मर्यादेत घेतलं तर सुरक्षित आहे. मर्यादेपलीकडे ते यकृत निकामी करू शकतं. शिवाय सर्दी-तापाच्या कितीतरी गोळ्यांमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं. म्हणून एसओएस दिसलं की दोन प्रश्न विचाराच: "दोन गोळ्यांमध्ये किमान किती तासांचं अंतर ठेवू? आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती?" दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. ते आकडे नसतील तर एसओएसची ओळ अर्धवट आहे असं समजा.

पाचवी ओळ साधी दिसते, म्हणून फसवते. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटांची एक कॅप्सूल म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या मानानं दोन-तीन महिन्यांचा साठा. ती आठवड्यातून एकच. पण वरच्या ओळींत रोजच्या गोळ्या लिहिलेल्या असतात, त्याच ओघात ही कॅप्सूलही रोज घेतली जाते. "व्हिटॅमिनच तर आहे, त्यानं काय होणार?" असं म्हणू नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक मरते, उलट्या होतात, शौचाला साफ होत नाही, सारखी तहान लागते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. पुढे मूत्रपिंडांवर येतं. दुष्परिणाम उतरायला आठवडे, कधी महिने जातात.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांत याहूनही जपायला हवं असं एक औषध आहे, मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी आणि सोरायसिससाठी ते लहान मात्रेत, आठवड्यातून एकाच दिवशी देतात. रोज घेतलं तर ते रक्तपेशी तयार होणंच थांबवतं. तोंडात फोड येतात, ताप येतो, अंगावर निळे-काळे डाग उठतात, आणि जिवावर बेततं. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवसांसाठी दिलेली असते. दोन्ही गोळ्या अनेकदा पिवळसर आणि बारीक असतात. घरात हे औषध असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या: 'फक्त रविवारी'. 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर थांबू नका. तो वार कॅलेंडरवर दर आठवड्याला गोल करा. गोळी घेतली की त्या गोलावर काट मारा.

आता तुमच्या हातातली सगळ्यांत सोपी तपासणी सांगतो. तिला इंग्रजी लागत नाही, फक्त बेरीज-गुणाकार लागतो. आजींच्या चिठ्ठीप्रमाणे ग्लिमेपिराइड रोज एक, तीस दिवस, म्हणजे तीस गोळ्या. मेटफॉर्मिन रोज दोन, तीस दिवस, म्हणजे साठ. प्रीगॅबालिन तीस. व्हिटॅमिन डी आठच. दुकानातून निघण्याआधी काउंटरवरच पाकिटं मोजा. व्हिटॅमिन डीच्या तीस कॅप्सूल हातात आल्या असतील तर पैसे देऊ नका, आधी विचारा. ग्लिमेपिराइड साठ आल्या असतील तर थांबा. कुणीतरी ओडीचं बीडी वाचलेलं आहे.

या ताळ्याचीही एक मर्यादा आहे, ती लक्षात ठेवा. तुमच्या डोक्यात मूळ आकडा नसेल, आणि दुकानदारानंच चुकीचं वाचलं असेल, तर त्याचा हिशोब आणि त्याच्या गोळ्या एकमेकांशी जुळतीलच. चूक दिसणार नाही. म्हणूनच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आधी लिहून घ्या, असं मी पुन्हा सांगतो. ते लिहिलेलं असेल तरच ताळा बसतो.

घरी आल्यावरही मोजणं सोडू नका. महिन्याची गोळी पंधराव्या दिवशीच संपली, तर ती रोज दुप्पट जात होती. महिना उलटला तरी निम्मं पाकीट शिल्लक आहे, तर वेळा चुकतायत. म्हाताऱ्या माणसांना "गोळी घेतली का?" विचारलं तर ती "हो" म्हणतात. त्यांच्यावर रागावू नका. पाकीट हातात घ्या आणि गोळ्या मोजा. पाकीट खोटं बोलत नाही.

आता जेवणाकडे या, कारण एसी आणि पीसी हे दोन्ही तुमच्या जेवणावर अवलंबून आहेत आणि तुमचं जेवण कधी असतं हे डॉक्टरांना आपोआप कळत नाही. शहरात सकाळी आठला पोहे होतात. शेतावर जाणारी बाई सकाळी फक्त चहा घेते आणि अकराला भाकरी सोडते. तिला 'नाश्त्याआधी' सांगितलेली साखरेची गोळी ती सातला घेते आणि चार तास उन्हात राबते. चहा म्हणजे जेवण असं तिनं धरलेलं असतं. डॉक्टरांना तुमचा दिवस सांगा. "मी सकाळी फक्त चहा पिते, पहिलं जेवण अकराला," एवढं एक वाक्य बोला. वेळ बदलून मिळेल.

उपासाचंही तसंच. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. घराघरात आई उपास धरते आणि गोळी मात्र "डॉक्टरांनी रोज सांगितलीय" म्हणून न चुकता घेते. साखर कमी करणारी गोळी घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर कोसळते. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी घेत राहिलं तर जठराला जखमा होतात, आतून रक्तस्राव होतो, शौचाला डांबरासारखी काळी होते. उपास सोडा असं मी म्हणत नाही. उपासाआधी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, "त्या दिवशी कोणती गोळी टाळू, कोणती घेऊ?" आईनं विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

जेवणाआधी म्हणजे नेमकं किती आधी, हेही विचारून घ्या. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर अनशापोटी, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. पँटोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी न्याहारीच्या साधारण अर्धा तास आधी. ग्लिमेपिराइड मात्र ताट वाढल्यावरच घ्यायची. तिन्हींपुढे लिहिलेलं असतं एकच, एसी. तिन्ही एका घोटात घेणं सोपं वाटतं, पण तसं करू नका. आणि पीसी म्हणजे जेवून उठल्यावर लगेच. जेवून, वामकुक्षी काढून, चार वाजता नव्हे.

लहान मुलांच्या औषधाला तर दुप्पट डोळे लावा. तापाचं औषध थेंबांच्या बाटलीतही मिळतं आणि पातळ सिरपच्या बाटलीतही. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असू शकतं. सिरपमध्ये तेवढ्यासाठी चार-पाच मिलिलिटर लागतात. चिठ्ठीवर पाच मिलिलिटर, टीडीएस असं सिरपसाठी लिहिलेलं असेल आणि घरात शिल्लक असलेल्या थेंबांच्या बाटलीतून तेवढंच पाजलं, तर बाळाला चौपट औषध जातं. तेही दिवसातून तीनदा. बाटली बदलली की मात्रा बदलते. घरातला चमचा वापरू नका. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. रात्री दोन वाजता दिव्याशिवाय औषध काढू नका. दिवा लावा, वाचा, मग पाजा.

मेडिकलमध्ये तुमचा हक्क काय, तेही ऐका. औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हे भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ मध्ये नियमांत घातलेलं आहे. औषध कसं घ्यायचं हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं २०१५ चे औषधविक्री व्यवसायाचे नियम सांगतात. म्हणून विचारताना हात जोडू नका, मान खाली घालू नका. सरळ म्हणा, "दादा, प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून द्या. सकाळ, दुपार, रात्र. जेवणाआधी की नंतर." मी लिहून देतो. माझे बरेच सहकारी लिहून देतात. कुणी "डॉक्टरांना विचारा" म्हणून हात झटकले, तर तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगा. आणि अक्षर वाचता येत नसताना कुणी "बहुतेक हेच असेल" म्हणालं, तर तो 'बहुतेक' घरी नेऊ नका.

गोळ्यांची पट्टी कापून दिली तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा तुमच्याकडे आलाय का ते पाहा. नाव नसलेल्या चार गोळ्या आठवडाभरानं कुणालाच ओळखता येत नाहीत. चिठ्ठी टाकून देऊ नका. दिवसाउजेडी, सपाट ठेवून तिचा फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.

आणि एवढं करूनही चूक झालीच तर? लपवू नका, उशीर करू नका. गोळी चुकून दोनदा घेतली गेली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वेळ चुकली म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. साखरेची गोळी घेणाऱ्याला घाम, थरथर, भूक, गोंधळ दिसला आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम तासन् तास टिकतो आणि साखर पुन्हा खाली जाऊ शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. जाताना चिठ्ठी आणि सगळी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांना सर्वात आधी तीच लागतील.

तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल आणि आई-वडील गावी असतील, तर हे आवाहन आधी तुमच्यासाठी आहे. दर रविवारी तुम्ही फोन करता, "औषधं घेताय ना?" विचारता, आणि "हो रे बाबा" ऐकून निश्चिंत होता. या रविवारी व्हिडिओ कॉल लावा. चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. एकेक ओळ वाचा. एकेक पाकीट दाखवायला सांगा. प्रत्येक पाकिटातल्या गोळ्या मोजायला लावा. अर्धा तास जाईल. जाऊ द्या. त्यानंतर "ओडी म्हणजे काय, बाबा?" असं तुम्हीच त्यांना विचारा. "दिवसातून एकदा" असं उत्तर आलं की मगच फोन ठेवा.

आणि ज्यांच्याकडे फोन करणारं कुणी नाही, त्यांना विसरू नका. तुमच्या चाळीत, वाडीत, गल्लीत एकटी राहणारी एखादी आजी असेलच. कामाला येणाऱ्या ताई असतील, ज्यांना वाचता येत नाही. त्यांच्या पाकिटावर शब्दांऐवजी चित्रं काढा. सकाळच्या गोळीला उगवता सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. जेवणानंतरच्या गोळीला भरलेलं ताट, जेवणाआधीच्या गोळीला रिकामं ताट. आठवड्याच्या गोळीचं पाकीट वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्याला लाल दोरा बांधा. कोणती गोळी कोणत्या वेळेची याची खात्री नसेल तर आपल्या मनानं चित्र काढू नका. गावच्या आशाताईंना बोलवा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फार्मासिस्टला विचारा, नाहीतर तुमच्या मेडिकलवाल्याला दुपारी, दुकान रिकामं असताना, गाठा.

उद्या सकाळपासून सुरुवात करा. पुढची चिठ्ठी हातात आली की खुर्चीवरून उठण्याआधी चार प्रश्न: कधी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. एसओएस असेल तर आणखी दोन: किती तासांनी, जास्तीत जास्त किती. आठवड्याची गोळी असेल तर एक: कोणत्या वारी. उत्तरं मराठीत लिहून घ्या आणि दुकानात गोळ्या मोजा. एखादी ओळ कळली नाही, तर कळेपर्यंत ती गोळी सुरू करू नका. पण कळवून घ्यायला उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी फोन करा. आमच्या काउंटरशी चिठ्ठी घेऊन या आणि गर्दी असली तरी मोठ्यानं विचारा. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही तेच विचारायचं असतं.